स्टँडवर चाक पूर्वीपेक्षा जास्त पळतंय, पण घाटात गाडी चढत नाही: हब मोटरचे मॅग्नेट उतरलेत का ते कसं बघायचं

गेल्या काही वर्षांत आमच्या गॅरेजला इलेक्ट्रिक स्कूटरची एक तक्रार इतक्यांदा आलीय की आता फोनवर दोन वाक्यं ऐकली तरी कळतं. माणूस म्हणतो, गाडीची ताकद गेली, घाटात दम लागतो, आणि मग जरा ओशाळून म्हणतो की पण स्टँडवर लावून ॲक्सिलरेटर दिला तर चाक पूर्वीपेक्षा जास्त स्पीड दाखवतंय, हे कसं काय. तोपर्यंत त्यानं बॅटरी एकदा तपासून घेतलेली असते, कुणीतरी कंट्रोलर बदलायला लावलेला असतो, आणि पैसे घालवूनही गाडी तिथंच असते. यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये मोटरच्या आतले मॅग्नेट उतरलेले निघाले, म्हणजे डीमॅग झालेले. म्हणून माझी तपासायची पद्धत इथं सविस्तर लिहितोय, फुकटातल्या चेकपासून सुरुवात करून. मी लिहितोय ते मागच्या चाकात बसणाऱ्या बीएलडीसी हब मोटरबद्दल आहे, मिड ड्राइव्हवाल्यांना तत्त्व तेच लागू पडेल पण आकडे वेगळे येतील.

लक्षणं

सगळी एकदम दिसतीलच असं नाही, पण दोन-तीन तरी असतात. चढावर पिकप कमी. सपाट रस्त्यावर एकटा माणूस असेल तर गाडी जवळपास नॉर्मल वाटते, कधी टॉप स्पीड उलट दोन-चार किलोमीटरनं वाढलेला असतो आणि मालक खूश असतो. डबलसीट बसलं की मात्र दमछाक. ॲव्हरेज हळूहळू नाही, एकदम पडलेलं असतं, आणि विचारलं तर बहुतेक जण एखादा दिवस सांगू शकतात की "त्या ट्रिपनंतर". मोटर पूर्वीपेक्षा लवकर तापते, तेवढ्याच अंतरात हबच्या कव्हरला हात ठेववत नाही. आणि सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे स्टँडवर रिकामं चाक जास्त पळणं.

हे उलटसुलट का वाटतं ते आधी समजून घ्या, कारण पुढचे सगळे चेक यावरच उभे आहेत. मोटर फिरते तेव्हा ती स्वतः जनरेटरसारखी उलटा व्होल्टेज तयार करते, त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. चाकाचा स्पीड वाढत वाढत जातो आणि हा उलटा व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजच्या जवळ पोचला की करंट ढकलायला जागा उरत नाही, तिथं स्पीड थांबतो. मॅग्नेट कमजोर झाले की तेवढाच उलटा व्होल्टेज तयार व्हायला चाकाला जास्त फिरावं लागतं, म्हणून रिकामा स्पीड वाढतो. पण टॉर्क म्हणजे मॅग्नेटची ताकद गुणिले करंट, तर मॅग्नेट जेवढे उतरले तेवढा प्रत्येक अँपिअरमागचा जोर कमी. म्हणजे मोटर जोर घालवून स्पीड घेऊन बसलीय, जसं काय कुणीतरी आतून गिअर बदललाय.

आधी मॅग्नेट सोडून बाकीचं बघा

हे लिहायची गरज नाही असं वाटेल पण आहे, कारण मोटर खोलायच्या तयारीनं आलेल्या गाड्यांपैकी काहींचा ब्रेक घासत होता. गाडी मेन स्टँडवर घ्या, चाक हातानं फिरवा, मोकळं फिरतंय का. ड्रम ब्रेक थोडा जरी धरत असला तरी चढावर पिकप खातो आणि हब तापतो, आणि लोक म्हणतात मोटर तापली. टायरची हवा बघा. मग बॅटरी: पूर्ण चार्ज करून चढावर किंवा जोरात पिकप घेताना व्होल्टेज किती खाली येतो ते मागच्या सीटवरच्या माणसाला बघायला सांगा. ६० व्होल्टची बॅटरी लोडवर एकदम आठ-दहा व्होल्ट कोसळत असेल तर आधी बॅटरीकडं बघा, मॅग्नेटचा विषय नंतर. कमजोर बॅटरीत पिकप जातो पण रिकामा स्पीड वाढत नाही, हा फरक लक्षात ठेवा.

मोटर गरम असताना यातलं काहीच ठरवू नका. निओडिमियम मॅग्नेट गरम झाला की त्याची ताकद तात्पुरती कमी होतेच, दर डिग्रीला साधारण ०.११ टक्के, म्हणजे ८० डिग्रीनं तापला तर जवळपास ९ टक्के. ही ताकद थंड झाल्यावर परत येते. ती डीमॅग नाही, तो त्याचा स्वभाव आहे. जी परत येत नाही ती डीमॅग. म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवायची आणि सकाळी मापं घ्यायची. घाट चढून आल्या आल्या माप घेऊन "मॅग्नेट गेले" सांगणारे मेकॅनिक पण मी बघितलेत.

चेक एक: रिकामा स्पीड

फुकट आहे. बॅटरी फुल, गाडी स्टँडवर, सगळ्यात वरचा मोड, ॲक्सिलरेटर पूर्ण, आणि मीटरवरचा स्पीड बघा. सोबत बॅटरीचा व्होल्टेज लिहून घ्या, कारण व्होल्टेज जास्त असला की स्पीड जास्त येणारच. त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीशी ताडून बघा.

या चेकवर एकट्यावर विसंबू नका. कंट्रोलरमध्ये फील्ड वीकनिंग, म्हणजे करंटनं मॅग्नेटचा जोर मुद्दाम दाबून स्पीड वाढवायची सोय, चालू असेल (बूस्ट, टर्बो, काहीही नाव असतं) तरी रिकामा स्पीड वाढतो आणि मॅग्नेट ठणठणीत असतात. उलट काही गाड्यांत कंट्रोलरच स्पीड अडवून धरतो, तिथं मॅग्नेट उतरलेले असले तरी आकडा तोच दिसतो. टायर वेगळ्या साइजचा टाकला असेल तरी तुलना चुकते. म्हणजे स्पीड वाढलेला दिसला तर संशय घ्या, नाही दिसला तर संशय सोडू नका.

चेक दोन: व्होल्ट भागिले हर्ट्झ

हा खरा चेक. लागतो फक्त एक मल्टीमीटर ज्यात एसी व्होल्ट आणि हर्ट्झ दोन्ही आहेत, आणि तासभर वेळ. कंट्रोलर यात कुठंच येत नाही, त्यामुळं सेटिंगचा घोळ राहत नाही.

बॅटरीचा एमसीबी बंद करा, शक्य असेल तर बॅटरीचं कनेक्टरच काढा, आणि पाच-दहा मिनिटं थांबा कारण कंट्रोलरच्या आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. मग मोटरकडून येणाऱ्या तीन जाड फेज वायर (बहुतेक पिवळी, हिरवी, निळी) कंट्रोलरपासून सोडवा. तिन्ही लग एकमेकांना लागू देऊ नका, चाक फिरताना लागले तर चाक गचकन धरतं. आता कुठल्याही दोन वायरींना मीटर लावा, एसी व्होल्टवर, आणि चाक फिरवा. हातानं फिरवून आकडा स्थिर राहत नाही, म्हणून मी ड्रिलला रबरी चाक लावून टायरच्या कडेला टेकवतो, एक जण ड्रिल धरतो आणि दुसरा मीटर वाचतो. मिनिटाला दोनशे फेऱ्यांच्या आसपास पुरे, उगाच जोरात फिरवू नका, आणि साडी-ओढणी-जर्किनची दोरी लांब.

व्होल्ट वाचा, लगेच बटण दाबून हर्ट्झ वाचा, आणि भागाकार करा. चाक किती जोरात फिरलं ते महत्त्वाचंच नाही, कारण स्पीड दुप्पट झाला तर व्होल्टही दुप्पट आणि हर्ट्झही दुप्पट, भागाकार तोच. हा भागाकार म्हणजे सरळ मॅग्नेटच्या ताकदीचं माप. टॅकोमीटर नको, काही नको. फेऱ्या काढायच्याच असतील तर हर्ट्झला ६० नं गुणून पोलच्या जोड्यांनी भागायचं. स्कूटरच्या बऱ्याच हब मोटरमध्ये ४६ मॅग्नेट म्हणजे २३ जोड्या असतात.

चांगला आकडा कुठून आणायचा हा प्रश्न येतोच. मोटरच्या स्टिकरवर विसंबू नका, तिथं लिहिलेले आरपीएम लोडवरचे आहेत की रिकामे हे कुणालाच माहीत नसतं. त्याच मॉडेलची चांगली गाडी शोधा आणि त्याच मीटरनं तेच माप घ्या. आम्ही आता नवीन बसवलेल्या प्रत्येक मोटरचा भागाकार वहीत लिहून ठेवतो, गाडी नंबरसकट. तुम्ही नवीन गाडी घेतली असेल आणि वॉरंटीत असेल तर वायरी सोडवू नका, फक्त फुल चार्जवरचा रिकामा स्पीड आणि व्होल्टेज लिहून ठेवा, तेवढंही कामाला येतं.

पाच टक्क्यांपर्यंतचा फरक मी सोडून देतो, मीटरची चूक आणि मोटरमोटरमधला फरक एवढा असू शकतो. दहाच्या वर गेला की विषय संपला.

चेक तीन: तिन्ही जोड्या

मीटर तिन्ही जोड्यांवर लावा: पिवळी-हिरवी, हिरवी-निळी, निळी-पिवळी. तिन्हीचा भागाकार सारखा आणि तिन्ही कमी, तर मॅग्नेट. दोन जोड्या कमी आणि एक बरोबर, तर कुठल्यातरी एका फेजच्या वाइंडिंगमध्ये काहीतरी जळालंय, मॅग्नेटला दोष देऊ नका. कारण मॅग्नेटची रिंग तिन्ही फेजच्या समोरून फिरते, ती उतरली तर तिघांनाही सारखंच कमी मिळणार. वाइंडिंग मात्र ज्याचं त्याचं असतं.

वायरी सुट्या असतानाच चाक हातानं हळू फिरवा. सुट्या वायरींवरही चाक जड फिरत असेल, मध्ये मध्ये धरल्यासारखं, आणि ब्रेक-बेअरिंग ठीक असेल, तर आत वाइंडिंग शॉर्ट असण्याची शक्यता जास्त. वायरी जोडल्यावरच जड होत असेल तर कंट्रोलरचा मॉसफेट, म्हणजे फेजचा करंट चालू-बंद करणारा आतला स्विच, शॉर्ट आहे. हे दुसरं असेल तर गाडी ढकलत किंवा टोइंग करून अजिबात नेऊ नका, टेम्पोत टाका. शॉर्ट झालेल्या कंट्रोलरसकट मोटर जोरात फिरली की तिनं स्वतः तयार केलेला करंट तिच्याच वाइंडिंगमधून फिरतो, आणि मोटर आधीच गरम असेल तर तो मॅग्नेटच्या विरोधात काम करतो. एका बिघाडाचे दोन होतात.

घरी करायचं इथपर्यंतच. यापुढं मोटर खोलायची असते, त्याबद्दल शेवटी बोलतो.

वाई-पाचगणीची गाडी

आकडे एका गाडीवर बघू म्हणजे डोक्यात बसेल. मालक वाईचा, रोज पसरणी घाट चढून पाचगणीला माल पोचवणार, मागं एक माणूस आणि पुढं क्रेट. ६० व्होल्टची गाडी, १२०० वॉटची हब मोटर. चढावर पिकप कमी पडतो म्हणून कुणीतरी जास्त अँपिअरचा कंट्रोलर बसवून दिला. पहिले दोन महिने गाडी रॉकेट. मग एक दिवस मेलेली.

चांगल्या गाडीवर त्याच मीटरनं ८० हर्ट्झला १५.२ व्होल्ट येत होते, भागाकार ०.१९. या गाडीवर ७० हर्ट्झला ११.४, तिन्ही जोड्यांवर जवळपास तेच, म्हणजे ०.१६३. १४ टक्के ताकद गेली. रिकामा स्पीड पण त्याच हिशोबानं: चांगल्या गाडीचा ६२ व्होल्टला ४९ च्या आसपास, हिचा ५७.

आता १४ टक्के ऐकायला काही वाटत नाही, पण घाटात काय होतं बघा. वाई ते पाचगणी साधारण पावणेसहाशे मीटरचा चढ आहे आणि तो अकरा-बारा किलोमीटरमध्ये आहे, म्हणजे सरासरी ५ टक्के, मध्ये काही तुकडे याहून खडे. गाडी, दोन माणसं आणि माल मिळून २६० किलो धरले तर चाकाला सुमारे ३९ न्यूटन मीटर टॉर्क सतत लागतो. चांगल्या मोटरला त्यासाठी ४० अँपिअर फेज करंट लागत असेल तर या मोटरला ४६ ते ४७. आणि वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणून तोच घाट तोच माल पण उष्णता ३६ टक्के जास्त. जास्त तापली की मॅग्नेट अजून उतरणार, अजून उतरले की करंट अजून वाढणार. एकदा सुरू झालं की हा बिघाड स्वतःच स्वतःला वाढवतो, म्हणून "थोडीच कमी झालीय, चालवू तशीच" हे इथं चालत नाही.

अजून एक गंमत. २५ च्या स्पीडनं हा घाट चढायला अर्धा तास लागतो आणि मोटरच्या शाफ्टवर साधारण १२५० वॉट निघतात. आपल्याकडं गाडीच्या मोटरची जी पॉवर टेस्टिंगला मोजतात त्यात एक ३० मिनिटांची पॉवर असते, एआयएस ०४१ नावाच्या स्टँडर्डप्रमाणे, म्हणजे अर्धा तास सलग जी पॉवर मोटर देऊ शकते ती. म्हणजे पसरणी घाट हा त्या मोटरला रोजची परीक्षाच होता, आणि तीही काठावर पास होण्यासारखी. त्यात मधल्या खड्या तुकड्यांवर नवीन कंट्रोलर जो ज्यादा करंट ओतत होता तो तापलेल्या मोटरवर. थंड मोटरवर तेवढाच करंट दिला असता तर बहुतेक काहीच झालं नसतं.

त्यानं तसलीच दुसरी नवीन मोटर घेतली, कंट्रोलर मात्र तोच ठेवला. चार महिन्यांनी परत आला. भागाकार ०.१६५.

नुसत्या उष्णतेनं की करंटनं?

दोन्हींनी मिळून, आणि इथंच मॅग्नेटची ग्रेड येते. मॅग्नेटचे दोन गुण वेगळे धरायला लागतात. एक त्याची ताकद, आणि दुसरा विरोध सहन करायची चिवट वृत्ती, तिला कोअर्सिव्हिटी म्हणतात. वाइंडिंगमधून करंट गेला की त्याचं पण चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्याचा काही भाग मॅग्नेटला उलट्या दिशेनं ढकलतो. हे ढकलणं चिवटपणाच्या मर्यादेत असेल तर मॅग्नेट परत जागेवर येतो. मर्यादेपलीकडं गेलं की तेवढा कोपरा कायमचा उतरतो. ढकलणं फेज करंटवर ठरतं, बॅटरीच्या करंटवर नाही, आणि लोक बघतात बॅटरीचे अँपिअर. हळू स्पीडला बॅटरीकडून ३० अँपिअर येत असताना फेजमधून ९०-१०० सहज जात असतात.

आणि हा चिवटपणा उष्णतेनं भयंकर पडतो. ताकद दर डिग्रीला ०.११ टक्के पडते म्हटलं, चिवटपणा साधारण ०.६ टक्के पडतो. म्हणजे मॅग्नेट २० वरून १२० डिग्रीला गेला की ताकद अकरा-बारा टक्के कमी, पण चिवटपणा निम्म्याहून खाली. म्हणूनच सकाळी थंड मोटरला जो करंट काहीच करत नाही तोच करंट घाटाच्या शेवटच्या वळणावर मॅग्नेट उतरवतो.

ग्रेडचं अक्षर हा चिवटपणाचा दर्जा असतो. निओडिमियम मॅग्नेटवर एन ४२ एसएच असं काहीतरी लिहिलेलं असतं. ४२ म्हणजे ताकदीचा आकडा. शेवटची अक्षरं उष्णतेची: अक्षर नसेल तर ८० डिग्री, एम म्हणजे १००, एच १२०, एसएच १५०, यूएच १८०. चिवटपणा किलो-अर्स्टेडमध्ये मोजतात, एमचा कमीत कमी १४, एचचा १७, एसएचचा २०, आणि हे आकडे थंडीतले आहेत, २० डिग्रीचे. १२० डिग्रीला एमचे साडेपाच-सहाच उरतात, एसएचचे आठ-नऊ. लोक फसतात ते आकड्याला, एन ५२ म्हटलं की भारी वाटतं. फ्रिजच्या दारावर लावायला भारी आहे, पण साधा एन ५२ घाटातल्या मोटरमध्ये घालायचा म्हणजे थंडीत पैलवान आणि उन्हात आजारी.

आणि हे १२०, १५० सुद्धा लेखी हमी समजू नका. ते मॅग्नेट चांगल्या जाडीचा असेल आणि समोर लोखंड जवळ असेल तेव्हाचे, तेही उलटं ढकलणारा करंट न धरता. हब मोटरमधले मॅग्नेट बहुतेक तीन मिलिमीटरच्या आसपास जाड, त्यात आणखी पातळ केले की तीच ग्रेड कमी उष्णतेला हार मानते. म्हणून मोटरवर कंपनी जे वॉट लिहिते ते फक्त तांब्याच्या तारेवर ठरत नाही. वाइंडिंगचं इन्सुलेशन एफ क्लासचं असेल तर १५५ डिग्री सहन करतं, पण समोरची रिंग एच ग्रेडची असेल तर मोटर जळायच्या आत मॅग्नेट उतरतात. वाइंडिंग शाबूत, वास नाही, काळं काही नाही, आणि मोटर कामातून गेली. म्हणूनच हा बिघाड लोकांना सापडत नाही.

मग सगळेच एसएच का घालत नाहीत? कारण चिवटपणा वाढवायला डिस्प्रोसियम नाहीतर टर्बियम घालतात, ते महाग, आणि चीनवर अवलंबून. एप्रिल २०२५ मध्ये चीननं त्यांच्या निर्यातीवर बंधनं आणली तेव्हा आपल्याकडच्या गाडीवाल्या कंपन्यांची किती धावपळ झाली ते पेपरात आलंच होतं. (जाता जाता, बीएलडीसी सीलिंग फॅनमध्ये बहुतेक फेराइट मॅग्नेट असतात, त्यांचं उलटं आहे, ते गरम झाल्यावर जास्त चिवट होतात आणि कडाक्याच्या थंडीत कच्चे. फॅनचा अनुभव स्कूटरला लावू नका.)

एक कारण गॅरेजमध्येच तयार होतं, तेही सांगतो कारण आमच्याकडून सुरुवातीला झालंय. बेअरिंग निघत नाही म्हणून साइड कव्हर गॅसनं तापवायचं, आणि मॅग्नेटची रिंग त्यालाच जोडलेली. किंवा रिवाइंडिंगवाल्याकडं अख्खी मोटर दिली आणि त्यानं वार्निश सुकवायला स्टेटरसोबत, म्हणजे वाइंडिंग असलेल्या न फिरणाऱ्या भागासोबत, रिंग पण भट्टीत टाकली. रिंग स्टेटरमधून बाहेर काढलेली असते तेव्हा तिच्यासमोर लोखंड नसतं, अशा मोकळ्या रिंगला तीच उष्णता जास्त लागते. रिवाइंडिंग करून आणल्यावर पिकप गेला असं कुणी म्हटलं की मी पहिलं हेच विचारतो. स्टेटर द्या, रिंग गॅरेजला ठेवा.

इथं थांबा

तिन्ही जोड्या सारख्या कमी आल्या की घरच्या माणसानं हत्यारं खाली ठेवायची. हब मोटर खोलायला पुलर लागतो, आणि साइड कव्हर सुटताना मॅग्नेट स्टेटरला असा ओढतो की मध्ये बोट असेल तर हाड मोडतं, मी हे बघितलंय. हॉल सेन्सरच्या बारीक वायरी तुटतात ते वेगळंच. आत बघायचं काम ज्याच्याकडं पुलर आणि गॉस मीटर आहे त्याचं. तो रिंगवरचा प्रत्येक मॅग्नेट मोजून सगळे सारखे उतरलेत की काहींचेच कोपरे गेलेत हे सांगू शकतो. सगळे सारखे असतील तर उष्णता, एकाच बाजूचे कोपरे असतील तर करंट, असा माझा अंदाज असतो, आणि तो बऱ्याचदा बरोबर निघतो. पावसाळ्यात पाणी शिरून मॅग्नेटवर गंज आला असेल किंवा एखादा सुटला असेल तेही तिथंच दिसतं.

परत चार्ज करता येतात का हे सगळे विचारतात. मॅग्नेट तडकलेला किंवा गंजलेला नसेल तर येतात, पण त्याला कपॅसिटर डिस्चार्ज मॅग्नेटायझर लागतो, त्याची कॉइल त्या रिंगच्या मापाची हवी, आणि क्षेत्र तीस किलो-अर्स्टेडच्या पुढं लागतं. घरातला वेल्डिंग सेट, बॅटरी, दुसरा मॅग्नेट घासणं, यातलं काही उपयोगाचं नाही. आणि परत चार्ज केले तरी ग्रेड तीच राहते, त्याच घाटात परत उतरणार. गाडी वॉरंटीत असेल तर चेक एकच्या पुढं जाऊच नका, वायरी सोडवलेल्या दिसल्या की क्लेम नाकारायला कारण मिळतं. फक्त लिहून द्या की थंड मोटरवर रिकामा स्पीड इतका, व्होल्टेज इतका, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचा इतका.

वाईच्या गाडीचं पुढं काय केलं

तिसरी मोटर घेताना पुरवठादाराकडून बिलावर एसएच ग्रेड लिहून घेतली. इथं एक अडचण आहे: एन ४२ एच आणि एन ४२ एसएच थंडीत सारखेच मोजले जातात. गॉस मीटर फरक दाखवत नाही, आपला भागाकारही नाही, कारण दोघांची ताकद सारखी, फरक चिवटपणाचा. मोटर घेताना बघून ओळखायचा मार्गच नाही. म्हणून बसवल्याच्या दिवशी भागाकार लिहिला, ०.१९१. कंट्रोलर तोच ठेवला पण त्याची फेज करंटची मर्यादा आधीच्या कंट्रोलरएवढी खाली आणली, आणि वाइंडिंगमध्ये टेम्परेचर सेन्सर होताच पण कंट्रोलरला जोडलेलाच नव्हता, तो जोडून ११० डिग्रीला करंट कमी करायला लावला. सेन्सर वाइंडिंगचं तापमान बघतो, मॅग्नेटचं नाही, पण या मोटरमध्ये रिंग बाहेरच्या बाजूला असल्यामुळं चालताना वाइंडिंगपेक्षा थंडच राहते, तेवढी सूट मिळते. मालकाला सांगितलं की घाटात अर्ध्यावर गाडी आपोआप हळू झाली तर शिव्या देऊ नकोस, पाच मिनिटं सावलीत थांब.

पहिल्या आठवड्यानंतर सकाळी थंड मोटरवर परत मोजलं, ०.१९१. एक महिन्यानं ०.१९०. मे महिना पूर्ण काढल्यावर परत ०.१९०. माल तोच, घाट तोच, पिकप मात्र त्या रॉकेट दिवसांसारखा नाही आणि ते मालक अजून बोलून दाखवतो.